भाचीचा गंधार मोबाइलवर लाल, बाईंच्या कानाला बरोबर. चूक कुणाची?

लष्करकर

राम राम मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितोय. भाची तेरा वर्षांची आहे, आमच्याच गल्लीतल्या बाईंकडे दोन वर्षं गाणं शिकते, सध्या यमन चालू आहे. घरी रियाझाला तिच्या आईने मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं, सा सेट करायचा आणि गायचं, सूर लागला की काटा हिरवा, नाही लागला की लाल. तर हिचा गंधार कायम लाल, खाली "उतरलेला". पंचम कधीच लाल होत नाही, निषाद बऱ्याचदा होतो. पोरीने जिद्दीने आठवडाभर गंधार वर खेचून खेचून हिरवा केला आणि गुरुवारी शिकवणीला गेली तर बाई म्हणाल्या, हे काय, गंधार का चढवलास, मागच्या आठवड्यात किती छान लागत होता. घरी येऊन रडारड.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणलं आपणच बघू. बाईंना विनंती करून "नी रे ग" आणि पुढची चार वाक्यं गाऊन घेतली, तीच भाचीकडून गाऊन घेतली. बाईंचा सा काळी तीन, भाचीचा काळी चार, म्हणून हर्ट्झ सरळ न ताडता प्रत्येकीच्या सा पासूनचं अंतर सेंटमध्ये काढलं, अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट:

```python
y, sr = librosa.load("bhachi.wav")
f0, voiced, prob = librosa.pyin(y, sr=sr, fmin=sa / 2, fmax=900)
cents = 1200 * np.log2(f0 / sa)
```

भाचीचा गंधार कधी ३८० येतो, कधी ३९०, मधलं काहीच नाही. ॲपला ४०० हवाय, दहापर्यंत इकडेतिकडे चालतं म्हणे. आता खरं कोण, ॲप, बाई की माझी स्क्रिप्ट? आणि मुलीला दाखवायचं काय?

बाड्यावरचा

लाल झाला म्हणजे तापला असेल. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माझा पण मोबाइल गातो.

पेटीवाले जोशी

यात एवढं डोकं लावण्यासारखं काही नाही. पेटीवर गंधार दाबा, पोरीला गायला सांगा, जुळला नाही तर उतरलाय. पेटी खोटं बोलत नाही. शिवाय श्रुती बावीस, म्हणजे एक श्रुती झाली ५४-५५ सेंटची, तुम्ही दहा-पंधरा सेंटवरून भांडताय. ॲपची मर्यादा सरळ पन्नास करा, सगळं हिरवं दिसेल, पोर पण खूष.

तंबोरामाई

जोशीबुवा, पन्नास सोडलेत तर माझी मांजर पण यमन गाईल.

चाळीस वर्षं शिकवतेय म्हणून सांगते, पेटी बाजूला ठेवा आणि तंबोरा नीट जुळवून शांत बसा. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी छेडत नाही तरी येतो, आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. मुलीचा गंधार त्यात विरघळला की बरोबर. बाईंनी तेच ऐकलं असणार. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो, हे पेटीवाल्यांना पण ठाऊक असतं, बोलत नाहीत एवढंच.

कोरडा सिग्नल

माईंनी कानाने सांगितलं तेच आकड्यात सांगतो, कारण लष्करकरांना आकडे हवेत.

भाचीचा सा काळी चार म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. ॲप पेटीसारखं बारा सारख्या घरांवर बांधलेलं आहे, त्याचा गंधार ४०० सेंटवर, म्हणजे २६१.६ हर्ट्झ. तंबोऱ्यातला गंधार सा च्या बरोबर सव्वापट, म्हणजे २५९.६. फरक फक्त दोन हर्ट्झ, पण सेंटमध्ये १४, आणि ॲपची सवलत १० ची. म्हणजे मुलगी अचूक गायली तरी लालच दिसणार आणि "सुधारली" की बेसूर होणार. पंचम का वाचतो? तो सा च्या दीडपट, ७०२ सेंटवर, आणि पेटीचा ७०० वर, दोन सेंट कुणाला कळतात. शुद्ध निषाद १०८८ आणि पेटीचा ११००, म्हणून तो पण लाल होतो.

हे कानाने तपासता येतं. खर्ज १०३.८ चा, त्याचा पाचवा स्वरांश ५१९ हर्ट्झवर वाजत असतो, हाच माईंचा स्वयंभू गंधार. ॲपला खूष करणारा गंधार गायला तर आवाजाचा दुसरा स्वरांश येतो ५२३ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात, सूर थरथरल्यासारखा वाटतो. सव्वापटीवर आलं की थरथर थांबते. बाईंना हेच खटकलं.

जोशीबुवा, बावीस श्रुती सारख्या अंतराच्या नसतात हो. याच गंधाराच्या शेजारी पंचमांच्या साखळीने येणारा चढा गंधार आहे ४०८ वर, दोघांत फक्त बावीस सेंट. ५४ ने भागाकार करून श्रुती निघत नाही.

आता तुझी स्क्रिप्ट. ३८० किंवा ३९० आणि मधलं काही नाही, याचा अर्थ मुलगी उड्या मारत नाही, तुझी पट्टी जाड आहे. `librosa.pyin` मध्ये `resolution` सांगितलं नाही तर ०.१ धरलं जातं, अर्धस्वराचा दहावा भाग, म्हणजे दहा-दहा सेंटच्या खुणांची पट्टी. त्या पट्टीने तू १४ सेंटचा वाद मिटवायला बसलायस. `resolution=0.02` दे, दोन-दोन सेंटच्या खुणा मिळतील. वेळ बराच जास्त लागेल, चहा करून ये.

गणेश मंडळ इंदूर

नमस्कार, छान माहिती. आमच्या कॉलनीत गणपतीत कराओके स्पर्धा असते, दरवर्षी परीक्षकांवरून भांडणं होतात. असं ॲप आहे का जे ऐकून थेट शंभरपैकी मार्क देईल? हिंदी गाणी आहेत, यमन नाही.

बाड्यावरचा

मंडळ, मार्क मोबाइलने दिले की भांडण मोबाइलच्या मालकाशी होईल.

मुरारचे काका

विषय निघालाच आहे तर. माझ्याकडे वडिलांच्या शिकवणीच्या कॅसेट्स आहेत, १९८० च्या आसपासच्या. संगणकावर उतरवल्या आणि अशाच एका प्रोग्रॅमने सूर काढले तर सगळे चाळीस सेंट चढे. मला वाटलं वडील म्हातारपणी चढ्या सुरात गात होते की काय. मग लक्षात आलं की टेपरेकॉर्डरच जरा जोरात पळतो. मी सा काळी एक असा ठोकून लिहिला होता. सा कॅसेटमधल्या तंबोऱ्यावरूनच काढला तर सगळं आपोआप जागेवर आलं, कारण सा आणि ग दोन्ही सारखेच पळतात. लष्करकर, तुम्ही sa कुठून घेतलाय? हाताने लिहिलाय का?

लष्करकर

काका, पकडलंत. हाताने 207.65 लिहिलाय. भाचीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्यावर आहे असं धरून. तपासतो.

सिग्नलभाऊ, पट्टी बारीक केली, आता गंधार ३८४ ते ३८८ मध्ये बसतोय!! बहिणीला दाखवलं, ॲप काढून टाकलं. पण नवीनच भानगड. रविवारी सकाळी परत रेकॉर्ड केलं, या वेळी तंबोरा शेजारीच स्पीकरवर. आता भाची श्वास घेते तिथे पण सूर दिसतो, एकदम सरळ रेघ, कधी सा वर कधी प वर. आणि तिचा हळू लागलेला मंद्र निषाद मध्येच सा होतो. भाचीने विचारलं, मामा मी गप्प असताना पण सुरात असते का?

तंबोरामाई

पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. गप्प असताना सुरात असणं यायला लोकांना जन्म जातो.

कोरडा सिग्नल

ती रेघ तंबोऱ्याची आहे, मुलीची नाही. हे ओळखायचं कसं तर तू बघितलंस तसंच, माणसाचा सूर इतका सरळ कधीच नसतो, पाच-सात सेंट तरी हलतोच. असा प्रोग्रॅम एका वेळी एकच सूर शोधतो, दोन आवाज आले की जो जास्त ठळक त्याच्यामागे जातो. हळू गायलं की तंबोरा जिंकतो.

उपाय साधा आहे, प्रोग्रॅममध्ये शोधू नकोस. तंबोरा एका कानात इअरफोनवर, दुसरा कान मोकळा, माइक तोंडाजवळ. सुरुवातीला दहा सेकंद नुसता तंबोरा स्पीकरवर रेकॉर्ड कर, त्यातून सा काढ, म्हणजे काकांचा मुद्दा पण सुटला. मग स्पीकर बंद, तोच तंबोरा इअरफोनवर.

तंबोराच बंद करू नको मात्र. त्याच्याशिवाय गायलं की दहा मिनिटांत सा सरकतो, मग जुन्या सा वर मोजलेलं सगळंच चुकीचं दिसतं.

वडोदरेची मधुरा

उशिरा वाचतेय. मी इथे एका शिकवणी वर्गासाठी असंच काहीतरी बनवलं होतं, त्यामुळे पुढचा खड्डा सांगून ठेवते. लष्करकर, तुम्ही अजून एकच स्वर बघताय, पण बाईंच्या अख्ख्या वाक्याशी ताडायला जाल तेव्हा वेळ जुळवावी लागेल, कारण बाई "नी रे ग" तीन सेकंदांत म्हणतील आणि मुलगी पाच. त्यासाठी सगळे `librosa.sequence.dtw` लावतात, ते एकीची रेघ दुसरीवर ताणून आवळून बसवतं.

ताणून आवळून बसवणं हाच त्याचा धंदा असल्यामुळे ते चुका पण आवळून टाकतं. माझ्याकडे एका मुलाने "नी रे ग" मधला रे गायलाच नव्हता, नी वरून सरळ मींड घेऊन ग वर गेला. मींड रे वरून जातेच, निमिषभर का होईना. प्रोग्रॅमने शिक्षिकेचा सव्वा सेकंदाचा रे त्या निमिषावर नेऊन चिकटवला आणि मुलाला शंभरपैकी ब्याण्णव दिले. शिक्षिका म्हणाल्या, याने रे खाल्ला. मी म्हणलं, कंप्युटर ब्याण्णव म्हणतोय. काय बघितलं त्यांनी माझ्याकडे!

नंतर जुळवणीचा मार्ग काढून बघितला तर शिक्षिकेचे पन्नासेक तुकडे मुलाच्या दोनच तुकड्यांवर गेलेले. तेव्हापासून मी गुणांआधी हाच मार्ग बघते. कुठे खूप तुकडे एकावर चिकटले असतील तर तिथे गुण द्यायचे नाहीत, नुसतं "इथे स्वर राहिला" म्हणायचं.

दुसरं, स्वराची सरासरी काढू नका. गंधारावर मींडेने येतात, त्या येण्यातला भाग सरासरीत गेला की सुंदर गंधार पण साडेतीनशेवर दिसतो. जिथे रेघ थोडा वेळ टिकली तेवढाच भाग घ्या, आणि सुरुवातीचं थोडं सोडा, कारण "ग" म्हणताना व्यंजनाने सूर क्षणभर खाली दबतो.

पेटीवाले जोशी

माझं गणित चुकलं हे मान्य, श्रुतींचं. पण मुद्दा सोडत नाही. उद्या ही मुलगी परीक्षेला बसेल, साथीला पेटीच असणार, मग ३८६ चा गंधार घेऊन काय करणार? पेटीशी थरथरेल ना?

तंबोरामाई

चांगला पेटीवाला गंधारावर हात ठेवून बसत नाही जोशीबुवा, जरा स्पर्श करून निघतो. तुम्ही पण तसंच करत असाल, फक्त इथे कबूल करत नाही.

मला वेगळीच काळजी वाटते. पोरगी काट्याकडे बघून गायला लागली की कान झोपतात. आमच्याकडे एक मुलगा आला होता, पडद्यावर बघून सूर एकदम बरोबर लावायचा, मोबाइल काढून घेतला की काठी काढून घेतलेल्या माणसासारखा. लष्करकर, तिला चालू गाण्यात काही दाखवू नका. गाऊन झालं की मग दाखवा.

कोरडा सिग्नल

माईंशी सहमत, आणि त्याला एक तांत्रिक कारण पण आहे. सूर ओळखायला लाटेची दोन-तीन आवर्तनं तरी लागतात, खालच्या सुरात त्यालाच वीस-पंचवीस मिलिसेकंद जातात, वर तुझ्या स्क्रिप्टची खिडकी नव्वद मिलिसेकंदांची. काटा कायम मागचं सांगतो. मुलगी आता गातेय आणि मघाच्या सुरावर दुरुस्ती करतेय, मग सूर वरखाली हिंदकळतो.

गणेश मंडळ इंदूर

म्हणजे मार्क देणारं ॲप नाहीच का?

वडोदरेची मधुरा

मंडळ, आहेत, पण ती मूळ गायकाच्या पट्टीशी ताडतात. तुमच्या कॉलनीतल्या काकांनी पट्टी बदलून गायलं तर शून्य. आधी प्रत्येकाची पट्टी लिहून घ्या.

लष्करकर

दहा दिवसांनी आलो, सगळ्यांचं ऐकून केलं, ते सांगतो.

इअरफोन लावून परत रेकॉर्ड केलं. सा तंबोऱ्यातून काढला तर २०७.६५ नव्हताच, २०६.९ निघाला, सहा सेंट खाली, डबा जुना आहे. मग बाईंकडून "नी रे ग" पाच वेळा गाऊन घेतलं, कारण मला वाटलं ३८६ हा पण पुस्तकातला आकडा, बाई स्वतः किती लावतात ते तरी बघू. बाईंचा टिकलेला गंधार ३८३, ३८६, ३८४, ३८५ आणि एकदा ३९१. तो ३९१ चा वर तीव्र मध्यमाकडे जाताना आला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग, वर जाताना तो थोडा चढणारच, तुला काय वाटलं मी मशीन आहे?

म्हणून आता एक आकडा ठेवलाच नाही. बाई पाच वेळा जिथून जिथपर्यंत गेल्या तो पट्टा, दोन्हीकडे पाच सेंट जास्त, आणि भाची त्यात आहे की बाहेर एवढंच. रंग पण काढले, वाक्य संपलं की दोन रेघा दिसतात, एक बाईंची एक तिची.

आणि गंमत. गंधार पट्ट्यात आला, पण निषाद पट्ट्याच्या बाहेरच. बाईंचा १०८५ ते १०९२, हिचा १०६५ च्या आसपास, पाचही वेळा. आधी मला वाटत होतं तो पण ॲपच्या पेटीमुळेच लाल होतोय. बाईंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, दोन महिने सांगतेय तिला, निषाद बसत नाही म्हणून, वरचा सा मनात न धरता जाते. म्हणजे ॲपचा एक लाल खोटा होता आणि एक खरा, आणि दोन्ही दिसायला सारखेच.

मुरारचे काका

हे झकास झालं. डब्याचं पण कळलं.

पेटीवाले जोशी

निषाद उतरतो हे पेटीने पण सांगितलं असतं.

बाड्यावरचा

आणि गंधार पण उतरतो असं सांगितलं असतं, त्याच श्वासात.

तंबोरामाई

लष्करकर, मेहनत छान. आता मला एक सांगा, पुढे ही मुलगी दरबारी शिकेल. त्यातला कोमल गंधार एका जागी थांबतच नाही, झुलतो. तुमचा "टिकलेला भाग" तिथे काय करणार?

कोरडा सिग्नल

माई, तिथे पट्टा कामाचा नाही. मधला आकडा काढला तर जो झुलत नाही तो सपाट गंधार पण पास होईल. झोका किती खोल आणि सेकंदाला किती हे मोजून बाईंच्या झोक्याशी ताडावं असं मला वाटतं.

वडोदरेची मधुरा

मी करून बघितलंय, पटलं नाही. खोली आणि वेग दोन्ही जुळलेला एक मुलगा होता, ऐकायला दरबारी नाही, सायरन वाटायचा. झोक्यात वर किती रेंगाळायचं आणि खाली किती, ते त्या दोन आकड्यांत येतच नाही.

कोरडा सिग्नल

मग झोक्याचा आकारच ताडावा लागेल, पण आकार ताडायचा तर परत तुझं dtw आलं, आणि ते रेंगाळणंच आवळून टाकणार. बघावं लागेल.

लष्करकर

दरबारीला अजून दोन वर्षं आहेत माई, तोवर निषाद. बाईंनी एकदा दरबारीतलं "ग म रे सा" म्हणून दाखवायचं कबूल केलंय, रविवारी रेकॉर्ड करतो, ज्याला फाइल हवी त्याने व्यनि करा.

गणेश मंडळ इंदूर

व्यनि केला आहे. पट्ट्या लिहून घेतोय, आतापर्यंत सात काका, सगळे काळी एक म्हणतात.